जाळे, काळे आणि मातकट पाणी

प्रश्न: कविता वाचताना एखादं यमक ओढूनताणून आणलंय असं वाटतं, पण ते नेमकं कशावरून ओळखायचं? आणि पूर्ण यमक जुळत नसेल तर अर्धवट जुळणारं चालतं का?

मी आमच्या वाडीच्या जाखडीसाठी, म्हणजे कोकणातल्या गाण्यावरच्या लोकनाचासाठी, पदं लिहितो. त्यात माझीच एक फसलेली जागा आहे, तीच सांगतो. आठ-आठ अक्षरांच्या ओळी होत्या:

होडी झापांच्या पोटात
बाबा विणतात जाळे
चार दिवस पाऊस
सागराचे रूप काळे

तालमीत गाणारा पोरगा दर वेळी चौथ्या ओळीवर अडखळायचा. चाल सोपी होती, अक्षरं आठ भरत होती. मग मी माझी नेहमीची युक्ती केली: कडवं साध्या बोलण्यात सांगून पाहिलं. 'होडी झापांनी शाकारून ठेवलीय, बाबा जाळं विणतायत, चार दिवस पाऊस पडतोय, आणि समुद्राचं रूप काळं आहे.' शेवटचं वाक्य ऐकून घरातलेच हसले. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्याचं पाणी काळं असतं कुठे? नद्या, खाड्यांतून माती येते आणि ते चहासारखं होतं. 'काळे' हा शब्द समुद्र बघून आलेला नव्हता, 'जाळे'कडे बघून आला होता. 'रूप' तर केवळ दोन अक्षरं भरायला बसलेलं.

ओढलेलं यमक बहुतेकदा असंच सापडतं. गद्य करताना जो शब्द तुम्ही आपोआप गाळाल किंवा बदलाल, तिथे बोट ठेवा. 'खास', 'छान', 'हो', 'ते' असले भरीचे शब्द यमकाच्या अलीकडेच दाटी करून बसलेले दिसतील. शब्दक्रमाची खूण मात्र मराठीत जरा जपून वापरावी. आपलं क्रियापद तसंही शेवटी येतं, त्यामुळे 'जातो-येतो' जुळवायला काही ओढावं लागत नाही. ते यमक ओढलेलं नसतं, आळशी असतं. तो आजार वेगळा.

आता दुरुस्ती. खरं काय ते आधी लिहिलं: 'पाणी मातकट झाले'. अक्षरं मोजली, आठच.

बाबा विणतात जाळे
चार दिवस पाऊस
पाणी मातकट झाले

जाळे आणि झाले. ळ आणि ल वेगळे, म्हणजे काटेकोर यमक नाही. पण आ आणि ए हे दोन्ही स्वर जागच्या जागी आहेत, आणि ळ-ल कानाला शेजारी वाटतात. गंमत अशी की रायगडकडच्या आगरी-कोळी बोलीत ळचा ल होतो, तिथे हे पूर्णच यमक ठरेल.

माझा अनुभव असा की स्वर सांभाळले तर व्यंजनाला बरीच सूट मिळते. र-ल-ळ, न-ण-म, ट-ठ-ड अशा भावकीतलं व्यंजन असलं की कान कुरकुर करत नाही. 'माड' आणि 'वाट' बोलताना चांगले जुळतात, कारण शेवटचा अ आपण उच्चारतच नाही. गाताना तो अ लांबवला तर मात्र ड आणि ट उघडे पडतात, म्हणून गायचं पद असेल तर ही जोडी गाऊनच तपासा. उलट 'जाळे-खिळे' मध्ये शेवटचं अक्षर तंतोतंत तेच, तरी आधीचा स्वर फिरल्यामुळे मला ते पातळ लागतं.

एक अडचण उरते. सगळ्या पदात चोख यमकं आणि एकाच ठिकाणी सैल असेल तर ऐकणाऱ्याला ती चूक वाटते. माझ्या पदात तेच झालं. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात दोन शाहीर पदांतून सवाल-जवाब करतात, तिथे समोरचा शाहीर असली जागा सोडत नाही. म्हणून मी दुसरं कडवंही मुद्दाम सैल केलं:

आई मोजते तांदूळ
वल्ही टेकलेली दारी
नारळी पुनव दूर
सुकट संपत आली

दारी-आली. दोनदा ऐकलं की कानाला कळतं, इथे असंच चालायचं आहे. आणि सैल यमकही बसेना, तर ओळ बिनयमकी सोडा. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण जुळतात, चौथा मोकळाच असतो.

सैल यमक कुठे कामाचं नाही तेही सांगतो. विनोदी पदात, सवालाच्या शेवटच्या ओळीत, जिथे लोक टाळी द्यायला टपलेले असतात, तिथे चोखच लागतं. तिथे मी 'जाळे'ला 'झाले' देणार नाही. 'जाळे' हा शब्दच ओळीच्या टोकावरून काढून मध्ये ढकलीन, 'बाबा जाळे विणतात' म्हणेन, आणि मग 'विणतात'ला काय मिळतं ते बघेन.