आधी कण बघ, मग टक्के काढ

अग्निजन्य दगडाला रंगावरून नाव द्यायची घाई करू नकोस. सुरुवातीला सगळे तिथेच फसतात. खनिजांचे कण नुसत्या डोळ्यांनी सुटे ओळखता येतात का, ते आधी बघ. मोठे स्फटिक बारीक कणांत रुतलेले असतील, तर दगड भरड कणांचा की बारीक, ते त्या बारीक कणांवरून ठरव.

मग खनिजांचे टक्के. समज, क्वार्ट्झ 18, अल्कली फेल्डस्पार 12, प्लेजिओक्लेज 50 आणि गडद खनिजं 20. गडद बाजूला काढ, उरले 80. आता क्वार्ट्झ 18 भागिले 80, म्हणजे 22.5 टक्के. हे भागणंच बहुतेक जण विसरतात! मग 18 हा आकडा वर्गीकरणाच्या आकृतीतल्या 20 टक्के क्वार्ट्झच्या रेषेखाली पडतो आणि दगड चुकून क्वार्ट्झ मोन्झोडायोराइट ठरतो. फेल्डस्पारमध्ये प्लेजिओक्लेज 62 पैकी 50, साधारण 81 टक्के. म्हणून भरड कणांचा हा दगड ग्रॅनोडायोराइट. हेच प्रमाण बारीक कणांच्या दगडात असतं, तर डेसाइट.