निरोपाचं भाषण जनरल रजिस्टरातून लिहा

प्रश्न: नागपुरात एका मराठी शाळेत यंदाच मुख्याध्यापिका झाले. पुढच्या आठवड्यात दहावीचा निरोप समारंभ आहे. मी काय बोलू, किती वेळ बोलू? शोधून सापडलेली सगळी भाषणं एकसारखी वाटतात.

मॅडम, उद्या शाळा सुटली की कार्यालयातल्या बाबूंकडून जनरल रजिस्टर मागून घ्या आणि या बॅचची पानं उघडून अर्धा तास एकट्या बसा. तुमचं भाषण तिथे आहे. मी पूर्व नागपुरातल्या एका शाळेत नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते, २०१९ मध्ये निवृत्त झाले. पहिल्या दोन वर्षांची माझी भाषणं तुम्हाला सापडली तशीच होती. उंच भरारी, पंखांतलं बळ, आयुष्याची परीक्षा. दुसऱ्या वर्षी भाषण संपवून मी मंचावरून उतरले तर एक मुलगा वाट पाहत उभा होता. वाटलं, पाया पडायला आला असेल. त्याने विचारलं, "मॅडम, टीसी कधी भेटन?"

तो उद्धट नव्हता. त्याच्या डोक्यात जे घोळत होतं ते त्याने विचारलं, आणि माझ्या वीस मिनिटांत त्यातलं काहीच आलं नव्हतं. तेव्हापासून मी भाषण लिहायची पद्धत बदलली.

जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाची एक ओळ असते. रजिस्टर क्रमांक, नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून निघतो. एकेक ओळ वाचताना ती मुलं या इमारतीत कशी कशी आली ते दिसू लागतं. २०१८च्या बॅचचं सांगते. वर्गात ४७ मुलं. त्यातली २९ जून २०१२ मध्ये पाचवीत आलेली. ११ जण आठवीत आले, कारण त्यांची आधीची शाळा सातवीपर्यंतच होती. सहा जण मधल्या वर्गांत. आणि एक मुलगी नववीत, तीही डिसेंबरमध्ये, भंडारा जिल्ह्यातल्या एका गावाहून. वर्ष संपायला चार महिने असताना कोणी हौसेने शाळा बदलत नाही. ती ओळ वाचेपर्यंत माझ्या लेखी ती मागच्या बाकावरची एक गप्प मुलगी होती.

त्या वर्षीचं भाषण मी असं सुरू केलं: "तुमच्यापैकी एकोणतीस जण या फाटकातून पहिल्यांदा आत आले ते जून २०१२च्या शेवटच्या आठवड्यात. पुण्या-मुंबईच्या शाळा कधीच्या भरल्या होत्या, आपल्याकडे उन्हामुळे घंटा नेहमीसारखीच उशिरा वाजली. अकरा जण आठवीत आले आणि पहिला महिनाभर खिडकीजवळच्या रांगेत एकत्र बसले. एक जण तर अर्धं वर्ष उलटल्यावर आली." एवढं बोलेपर्यंत मुलं एकमेकांकडे बघायला लागली होती. कोण केव्हा आलं, कोणाशेजारी बसलं, हे त्यांचं त्यांना आठवत होतं. मला त्यांना आवाज न चढवता शांत करता आलं, कारण विषय तेच होते.

पण इथे एक खबरदारी फार महत्त्वाची आहे आणि ती मी चूक करून शिकले. त्याच्या तीन वर्षं आधी एका मुलाचे वडील तो नववीत असताना गेले होते. पहाटे घरोघरी पेपर टाकून तो साडेसातच्या शाळेला वेळेवर हजर असायचा. मला त्याचा मनापासून अभिमान होता, म्हणून मी ते भरसभेत सांगितलं. टाळ्या पडल्या. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. पोहे वाटायच्या वेळी मी त्याला शोधलं तर सायकल स्टँडवर त्याची सायकल नव्हती. शाळेतल्या शेवटच्या दिवशी तो न खाता, कोणाला न भेटता घरी गेला, तो माझ्यामुळे.

म्हणून रजिस्टरात जे दिसेल ते सगळं बोलायचं नसतं. जात, जन्मतारखेतला घोळ, वडिलांच्या नावाचा रकाना, यांतलं काही चुकूनही तोंडी येऊ देऊ नका. घरची परिस्थिती सांगायची असेल तर त्या मुलाला आधी एकट्याला बोलावून विचारा, आणि तो नुसता गप्प राहिला तर ते नकार समजा. भंडाऱ्याच्या त्या मुलीला मी दोन दिवस आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "सांगा मॅडम, पण आमच्या गावाचं नाव घ्या." मी घेतलं.

वेळेचं म्हणाल तर सात मिनिटं. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे फुलस्केपची साधारण तीन पानं. फेब्रुवारीत आपल्याकडे दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, मुलांची मनोगतं लांबलेली असतात, आणि तर्रीचा वास सभागृहात पोचला की तुमचं कोणी ऐकत नाही. प्रमुख पाहुण्यांना तुमच्या आधी बोलू द्या. संस्थेचे पदाधिकारी अध्यक्षस्थानी असतील तर त्यांना आदल्या दिवशीच विनंती करा की अध्यक्षीय भाषण आधी होऊ द्यावं, शेवटचा भाग शाळेचा असू द्यावा. माझ्याकडे एकदाच नकार मिळाला.

सातांपैकी दोन मिनिटं त्या टीसीवाल्या मुलासाठी राखून ठेवा. प्रवेशपत्र कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत मिळेल. ते मिळाल्यावर विषय आणि माध्यम तिथल्या तिथे तपासायचं. निकालानंतर गुणपत्रिका आणि दाखला घ्यायला कोणी यायचं. आणि हे नक्की सांगा, कारण परीक्षेआधी कोणी सांगत नाही: एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा निकालानंतर काही आठवड्यांतच होते. मी म्हणायचे, "ज्याचा विषय राहील त्याने निकालाच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्या केबिनमध्ये यायचं. फॉर्म आपण इथेच भरू." वार आणि वेळ सांगितली की मुलं खरंच येतात. 'शाळेचं दार सदैव उघडं आहे' म्हटलं की कोणी येत नाही, हे मी दोन वर्षं पाहिलं होतं.

याच दोन मिनिटांत रजिस्टरचं आणखी एक काम उरकतं. प्रत्येकाला सांगा की परीक्षेआधी कार्यालयात येऊन स्वतःची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नावातला काना-मात्रा, आईचं नाव, जन्मतारीख. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करायचा रस्ता सरळ आहे: अर्ज, जन्माचा दाखला, शाळेमार्फत प्रस्ताव. एकदा शाळा सोडली की त्या नोंदीला हात लावणं फार अवघड होतं, आणि पुढे पासपोर्ट किंवा जात पडताळणीच्या वेळी एका वेलांटीसाठी माणूस वर्षभर चकरा मारतो. आपल्याकडे वानखडे आणि वानखेडे ही दोन वेगळी आडनावं आहेत. बाहेरून आलेला लिपिक सरसकट वानखेडे लिहून मोकळा होतो. २०१८च्या त्या ४७ जणांत तिघांच्या नोंदीत चुका निघाल्या, त्यातली एक नेमकी हीच होती.

आता शेवट. कविता म्हणू नका, सुविचार सांगू नका. वर्गशिक्षकांकडून हजेरीचा कॅटलॉग घ्या आणि मंचावरून हजेरी घ्या. पाचवीपासून रोज ऐकलेली गोष्ट आहे, ती पुन्हा ऐकू येणार नाही, हे मुलांना पहिल्या पाच नावांतच कळतं. ४७ नावांना तीन मिनिटंही लागत नाहीत. तुमच्याकडे तीन-चार तुकड्या असतील तर मंचावरून करू नका, पुढच्या नावांना आवाज ओसरतो. कार्यक्रम संपल्यावर मुलांना आपापल्या वर्गात पाठवा, वर्गशिक्षकांना हजेरी घेऊ द्या, तुम्ही दारात उभ्या राहा.

आणि जे आले नसतील त्यांचीही नावं घ्या. २०१८ मध्ये मी एका मुलीचं नाव घेतलं आणि "यस मॅडम" आलं नाही. क्षणभर थांबले. मैत्रीण म्हणाली, "ती घरीच आहे मॅडम." मला वाटलं, ताप वगैरे असेल. संध्याकाळी वर्गशिक्षिकेला तिच्या घरी पाठवलं तेव्हा कळलं की तिला बरंच होतं. मुलींनी साड्या नेसायचं ठरवलं होतं, वर शंभर रुपये वर्गणी होती. आईकडे दोन्हींपैकी काही मागायचं नाही म्हणून तिने सकाळी पोट दुखतंय असं सांगितलं. वर्गाच्या कोणत्याही यादीत ही गोष्ट नव्हती, आणि नाव पुकारलं नसतं तर मला कळलीही नसती.

पुढच्या वर्षी, माझ्या शेवटच्या बॅचला, मी डिसेंबरमध्येच सांगून ठेवलं: निरोपाला सगळे गणवेशात, वर्गणी नाही, पोह्यांचा खर्च शिक्षक करतील. नववीच्या मुलींना थोडं वाईट वाटलं, कारण त्यांनी स्वतःच्या साड्या आतापासून ठरवल्या होत्या. मी ऐकलं नाही. त्या वर्षी हजेरीला सगळी मुलं होती. तुमच्याकडे आठवडाच उरला आहे, साड्या ठरल्याही असतील. तरी वर्गशिक्षकांना उद्याच विचारा की वर्गणी कोणी दिलेली नाही, आणि ती नावं कुठेही न वाचता ती रक्कम तुम्ही भरून टाका.

कॅटलॉग मात्र आदल्या दिवशीच घरी न्या. निनावे, हेडाऊ, पौनीकर, नंदनवार ही नावं तुम्ही रोज ऐकत असाल, पण यंदाच आलेल्या आहात म्हणून एकदा मोठ्याने वाचून पाहा. जिथे अडखळाल तिथे वर्गशिक्षकांना फोन करून विचारा. आणि वानखडे असेल तर वानखडेच म्हणा.