काहीतरी सांगा ना!

प्रश्न: ऑफिसातून घरी यायला साडेआठ होतात. पटकन होणारं काहीतरी सांगा. (मालाड)

घरात काय आहे ते कळवलं नाहीत, म्हणून बहुतेक डब्यांत सापडणाऱ्या बेसनावर जाऊ. पिठलं करा. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, तिघांना भाकरीशी पुरतं; भातावर घ्यायचं असेल तर पाणी साडेतीन वाट्या करा. बेसन आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्या. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात पडलं, की वरचा थर लगेच शिजतो, आतलं पीठ कोरडंच राहतं आणि गुठळ्या होतात. मोहरी, जिरं, हिंग, हळद, मिरचीची फोडणी करून उरलेलं पाणी आणि मीठ घाला. उकळी आली की कालवलेलं पीठ ढवळत ओता, मग मंद आचेवर झाकून सात-आठ मिनिटं. कच्चा वास गेला आणि कडा भांड्यापासून सुटू लागल्या, की झालं. ताटात घेईपर्यंत ते आणखी घट्ट होतं, तेव्हा थोडं सैल असतानाच गॅस बंद करा. कांदा-लसूण चालत असेल तर फोडणीत घाला, पण लसूण करपू देऊ नका, सगळं पिठलं कडू होतं.

प्रश्न: रविवारी पाहुणे आहेत. मसालेभात किती करू? (गिरगाव)

पाहुणे किती, ते आधी मोजा. ताटात पोळी-भाजी, कोशिंबीर असेल तर माणशी अर्धी वाटी तांदूळ. नुसता मसालेभात आणि मठ्ठा असेल तर पाऊण ते एक वाटी. समजा बाराजण आहेत आणि पूर्ण ताट आहे, तर सहा वाट्या तांदूळ आणि अर्धा किलो तोंडली लागतील. चूक होते ती पाण्यात. एका वाटीला सव्वादोन वाट्या पाणी लागतं, म्हणून सहा वाट्यांना साडेतेरा घातलं तर भात गिचका होतो, कारण मोठ्या पातेल्यात वाफेवाटे जाणारं पाणी त्या प्रमाणात वाढत नाही. बारा वाट्या आधणाचं पाणी पुरतं. गोडा मसाला वाटीला दीड छोटा चमचा, म्हणजे नऊ चमचे. तिखट मात्र आधी हिशेबाच्या पाऊणपटच घाला.

आणि पाहुण्यांत कुणी जैन आहे का, हे आजच फोन करून विचारा. असेल तर कांदा, लसूण, बटाटा, आलं वर्ज्य. तोंडली-मटार चालतात, त्यामुळे भात वेगळा करावा लागत नाही. काजू तळून बाजूला वाटीत ठेवा, ज्याला चालतात तो घेईल.

प्रश्न: उपासाचं नवीन काहीतरी?

कोणाच्या घरचा उपास, त्यावर आहे. काही घरी जिरं-कोथिंबीर चालते, काही घरी नाही. एकादशीला वरीचे तांदूळही काहींना चालत नाहीत. चालत असतील तर एक वाटी वरी तुपावर परतून अडीच वाट्या गरम पाण्यात शिजवा, सोबत दाण्याची आमटी. घरात मधुमेही असतील तर साबुदाणा टाळा, तो जवळजवळ सगळा स्टार्चच असतो.