भाऊ वकील घेऊन येणार, मी एकटी बसू का?

प्रश्न: आई-वडील हयात नाहीत, आम्ही दोघंच भावंडं. वडिलोपार्जित 60 गुंठे शेती आणि गावातलं घर, यांच्या वाटपासाठी मी दावा लावलाय. कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. भाऊ त्याच्या वकिलांसोबत येणार आहे. माझे वकील म्हणतात, "तिथे वकिलाचं काय काम, तुम्हीच बसा." भाऊ 15 लाख देऊन विषय संपवू म्हणतो. मी काय तयारी करू?

उत्तर: तुमच्या वकिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मध्यस्थीत युक्तिवाद नसतो, उलटतपासणी नसते. मध्यस्थ निकालही देत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर छाप पाडणाऱ्या वकिलाचा उपयोग शून्य. पण वकिलाचं खरं काम दोन जागी असतं: समोरून आकडा आला की तो घ्यावा की नाही हे सांगणं, आणि तडजोडीचा मसुदा वाचणं. मध्यस्थ तटस्थ असतो, "ताई, हे कमी आहे" असं तो तुम्हाला सांगणार नाही. म्हणून वकिलांना विनंती करा की पहिल्या बैठकीला नाही आलात तरी चालेल, पण मसुद्याच्या दिवशी या. तेही जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे.

भावाचे वकील बाहेर गाठून "ताई, आपसात मिटवा" म्हणू लागले तर ऐकून घेऊ नका. ज्या पक्षकाराला स्वतःचा वकील आहे त्याच्याशी परस्पर वाटाघाट करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. "माझ्या वकिलांशी बोला", एवढंच उत्तर द्या.

आता आकडा. मृत्युपत्र नाही आणि दुसरा वारस नाही असं धरलं तर तुमचा हिस्सा निम्मा. समजा, जमिनीचा भाव गुंठ्याला एक लाख आणि घर 20 लाखांचं. एकूण 80 लाख, तुमचे 40. मग 15 लाख म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण भाव अंदाजाने धरू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आसपासच्या अलीकडच्या विक्रीची सूची क्रमांक 2 शोधा, सोबत रेडीरेकनरचा दर आणि ताजा सातबारा ठेवा. नंतर स्वतःशी ठरवा की तडजोड न झाल्यास दावा चालवायला किती वर्षं जातील, आणि तेवढी वर्षं वाचवायला 40 मधले किती सोडायला तुम्ही तयार आहात. समजा 32. हा आकडा वहीत लिहा, पण संयुक्त बैठकीत उच्चारू नका. मध्यस्थ प्रत्येक बाजूशी वेगळा बसतो, तिथलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय तो पलीकडे नेत नाही. तरीही पहिल्याच वेळी शेवटचा आकडा सांगायची घाई नको. मध्यस्थीत बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे प्रस्ताव नाकारल्याने तुमच्या दाव्याचं काही बिघडत नाही.

खरा धोका मसुद्यात असतो. तो बहुतेक वेळा समोरचे वकील तयार करून आणतात, आणि त्यात एक वाक्य हमखास दिसतं: "वादी यापुढे कुटुंबाच्या कोणत्याही मिळकतीवर हक्क सांगणार नाही." तुमचा दावा शेती आणि घराचा. उद्या वडिलांच्या नावाचा गावठाणातला एखादा तुकडा निघाला, तर या वाक्यावर बोट ठेवून भाऊ त्यावरचा तुमचा हक्कही नाकारू शकेल. म्हणून तिथे फक्त गट नंबर, क्षेत्र आणि घराचा मिळकत क्रमांक लिहायला लावा, आणि गट नंबर व क्षेत्र सातबाऱ्याशी एकेक आकडा लावून ताडून पाहा. तडजोडीत दाव्याबाहेरची मिळकत आली तर तिच्या हक्काचा बदल नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हेही वकिलांना विचारून घ्या.

दुसरी जागा पैशाची. "सहा महिन्यांत देईन" असं असेल तर तारखा, रक्कम आणि हप्ता चुकला तर व्याज किंवा तुमचा हिस्सा परत येण्याची अट लिहा. शक्यतो डिमांड ड्राफ्ट हातात पडल्याशिवाय हक्क सोडल्याचं वाक्य लागू होऊ नये.

"आज सही करा, नाहीतर प्रस्ताव मागे घेतो," असा दबाव आला तर मध्यस्थाला सांगा की मसुदा घरी नेऊन वकिलांना दाखवायचाय, पुढची तारीख द्या. मध्यस्थ सहसा ती देतो. ही तारीख मागायला संकोच करू नका, कारण सही झालेली तडजोड कोर्टापुढे जाऊन हुकूमनामा झाली की संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही, आणि तो बेकायदा म्हणून वेगळा दावाही लावता येत नाही. त्याच कोर्टात जाऊन फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि "मला नीट वाचायला वेळ मिळाला नाही" एवढ्यावर ती सिद्ध होत नाही.