‘प्रमाणित भर’ म्हणजे नेमकं काय? माकुलातल्या कॅडमियमच्या अहवालापुरतं

प्रश्न: रत्नागिरीला आमच्या प्रयोगशाळेत मासळी प्रक्रिया कारखान्यांचे नमुने येतात. माकुलातल्या कॅडमियमच्या अहवालाचा मराठी गोषवारा करताना ‘मॅट्रिक्स इफेक्ट’ला ‘आधात्री परिणाम’ लिहायचं का? आणि ‘निष्कर्ष स्टँडर्ड ॲडिशनने काढला’ हे कारखानदाराला कळेल असं मराठीत कसं मांडायचं?

उत्तर: ‘आधात्री’ नको. वाचणाऱ्याला तो शब्द पुन्हा इंग्रजीत नेऊनच समजून घ्यावा लागेल. ‘मॅट्रिक्स’ म्हणजे इथे, ज्याचं मोजमाप करायचं ते सोडून नमुन्यात असलेलं बाकी सगळं. माकुलाच्या बाबतीत पाचनानंतर उरलेले क्षार, क्लोराइड, फॉस्फेट, न जळालेला थोडा सेंद्रिय भाग आणि आम्ल. म्हणून अहवालात ‘नमुन्यातील इतर घटकांचा मापनावर होणारा परिणाम’ असं एकदा पूर्ण लिहावं, आणि पुढे ‘मॅट्रिक्स परिणाम’ म्हणून चालवावं. ‘स्टँडर्ड ॲडिशन’ला ‘प्रमाणित भर पद्धत’ चांगला शब्द आहे, फक्त ‘भर’ कशाची आणि कशात हे वाक्यातून कळलं पाहिजे. पुष्कळ अहवालांत तेच कळत नाही, कारण लिहिणाऱ्यानेही पद्धतीकडे एक नाव म्हणूनच पाहिलेलं असतं. म्हणून आधी पद्धत, मग वाक्य.

ग्राफाइट भट्टीच्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर २२८.८ नॅनोमीटरला कॅडमियम मोजताना नेहमीची रीत अशी: नायट्रिक आम्लात बनवलेल्या प्रमाणित द्रावणांची रेषा काढायची आणि नमुन्याचं वाचन तिच्यावर बसवायचं. या रीतीत एक गृहीतक लपलेलं आहे. साध्या आम्लातलं १ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर कॅडमियम जितकं वाचन देतं, तितकंच माकुलाच्या द्रावणातलंही देईल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कॅडमियम कमी तापमानालाच उडून जाणारं आहे, आणि क्लोराइड असलं की त्यातला काही भाग मापनाच्या टप्प्याआधीच, सुकवणी-जाळणीत, निघून जातो. अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट किंवा पॅलेडियमचं मॉडिफायर घालून हे बरंच आवरता येतं, पण दरवेळी पूर्ण आवरतं असं नाही. मग वाचन कमी येतं आणि आकडाही कमी येतो. अहवाल मात्र नीटनेटका दिसतो.

प्रमाणित भर पद्धतीत ती रेषा नमुन्यातच काढतात. समजा, साफ केलेल्या माकुलाचा २.०० ग्रॅम लगदा नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मायक्रोवेव्हमध्ये पाचित केला आणि ५० मिलिलिटर केला. त्यातले ५-५ मिलिलिटर २५ मिलिलिटरच्या चार फ्लास्कांत घ्यायचे. पहिल्यात काही घालायचं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यात १०० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरचं प्रमाणित द्रावण अनुक्रमे २५०, ५०० आणि ७५० मायक्रोलिटर. मग चारही फ्लास्क सारख्याच तीव्रतेच्या आम्लाने खुणेपर्यंत भरायचे. आता चौघांत माकुलाचं द्रव्य अगदी सारखं आहे, आणि घातलेलं कॅडमियम ०, १, २, ३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे. खुणेपर्यंत भरणं टाळून थेट यंत्राच्या नमुना-कपांत भर घातली, तर प्रत्येक कपात नमुना वेगवेगळा विरल होतो आणि पद्धतीचा पायाच जातो.

वाचनं (शिखराची उंची नव्हे, क्षेत्रफळ) अशी आली असं धरू: ०.०४६, ०.०७४, ०.१०६, ०.१३४. लघुतम वर्गांची रेषा काढली की उतार ०.०२९६ आणि य-अक्षावरचा छेद ०.०४५६ मिळतो. ही रेषा डावीकडे वाढवली की क्ष-अक्षाला उणे बाजूला छेदते. तिथलं अंतर म्हणजे ०.०४५६ भागिले ०.०२९६, अर्थात १.५४ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर, आणि तेच पहिल्या फ्लास्कमधलं मूळचं कॅडमियम. पाचनाच्या कोऱ्या नमुन्यातून ०.०५ आलं असेल तर ते वजा करून १.४९ उरतं. पाच पट विरलन, ५० मिलिलिटर आकारमान आणि २ ग्रॅम वजन हे सगळं धरलं की गुणक ०.१२५ होतो, आणि उत्तर येतं ०.१९ मिलिग्रॅम प्रतिकिलो.

आता त्याच दिवशी साध्या आम्लातल्या रेषेचा उतार ०.०४०० होता असं समजा. तिच्यावर पहिलं वाचन बसवलं तर १.१५, कोरा वजा जाता १.१०, म्हणजे ०.१४ मिलिग्रॅम प्रतिकिलो. खऱ्या प्रमाणाचा चौथा हिस्सा हरवला. दोन उतारांचं गुणोत्तर, ०.०२९६ भागिले ०.०४००, सुमारे ०.७४ हेच मॅट्रिक्स परिणामाचं माप. अहवालात विशेषणांऐवजी हे गुणोत्तर द्यावं. ‘मॅट्रिक्स परिणाम लक्षणीय आढळला’ यातून कुणालाच काही कळत नाही.

इथे एक चूक फार सर्रास होते. भर घालून काढलेली ‘रिकव्हरी’, म्हणजे घातलेल्या कॅडमियमचा मोजणीत मिळालेला ‘परतावा’, ७४ टक्के आली म्हणून भर पद्धतीने मिळालेलं उत्तर पुन्हा ०.७४ ने भागतात. मग ०.१९ चे ०.२५ होतात. उताराचा दोष नमुन्यातल्याच रेषेने एकदा भरून निघालेला असतो, त्याच दोषाची भरपाई दुसऱ्यांदा करायची नसते. मराठी गोषवाऱ्यात ‘परतावा’ आणि ‘प्रमाणित भर’ एकाच वाक्यात कोंबले की वाचणारा नेमकं हेच करून बसतो. ते दोन वेगळ्या ओळींत लिहावेत.

ही पद्धत काय दुरुस्त करत नाही, तेही शब्द निवडताना लक्षात घ्यायला हवं. ती उताराचा दोष काढते. संपूर्ण रेषाच वर उचलणारा दोष मात्र तसाच राहतो. पार्श्वभूमीचं शोषण नीट वजा झालं नाही आणि प्रत्येक वाचनात ०.०१० जास्त आलं, तर उतार तोच राहतो आणि छेद ०.०५५६ होतो. उत्तर १.५४ ऐवजी १.८८ येतं, रेषा मात्र तितकीच सरळ. आलेख बघून काही कळत नाही. आयसीपी-ओईएसवर २२८.८०२ नॅनोमीटरला कॅडमियम घेणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण आर्सेनिकची रेषा २२८.८१२ ला, अगदी खेटून आहे, आणि समुद्री जीवांत आर्सेनिक भरपूर असतं. तिथे कितीही भर घाला, आर्सेनिकचा वाटा कॅडमियमच्याच खात्यात जमा होत राहील. २१४.४४० किंवा २२६.५०२ या रेषेवर तोच नमुना मोजून उत्तर जुळतं का पाहणं, हा त्यावरचा सरळ उपाय. म्हणूनच अहवालात ‘मॅट्रिक्स परिणाम दूर केला’ असं सरसकट लिहू नये. ‘उतारावरील मॅट्रिक्स परिणामाची भरपाई केली’ एवढंच खरं आहे.

तसंच, भर पाचनानंतर घातली असेल तर पाचनात किंवा गाळताना झालेली घट भरून येत नाही. ती हवी असेल तर भर लगद्यातच, पाचनाआधी घालावी लागते, आणि मग प्रत्येक पातळीला वेगळं पाचन. म्हणजे ‘पाचित द्रावणात भर’ की ‘नमुन्यात भर’, हा फरक मराठी वाक्यात दिसायलाच हवा. इंग्रजी अहवालात तो कित्येकदा दिसत नाही, आपण तोच घोळ भाषांतरात आणू नये.

सगळा डोलारा रेषा सरळ असण्यावर उभा आहे, कारण उत्तर जिथे आहे तिथे आपल्याकडे एकही बिंदू नाही. भर जास्त झाली आणि वरचे बिंदू वाकू लागले, की बसवलेल्या रेषेचा उतार कमी होतो, छेद वर सरकतो आणि उत्तर फुगतं. शेवटचा बिंदू वगळून गणित पुन्हा करावं. उत्तर ठळकपणे खाली आलं तर वाक आहे असं समजावं, आणि नमुना आणखी विरल करून पुन्हा घ्यावं. उलट भर फारच थोडी असेल तर सगळे बिंदू जवळजवळ गोळा होतात आणि डावीकडची वाढवलेली रेषा डुगडुगते. मूळ प्रमाणाच्या अर्ध्या-पाऊण पटीपासून दोनएक पटीपर्यंतची भर ठीक बसते. आपल्या उदाहरणात ती तशीच आहे.

तरीही अनिश्चितता कमी नाही. वरच्या चार बिंदूंवरून १.५४ ची प्रमाण त्रुटी ०.०६ निघते. चारच बिंदू असल्यामुळे ९५ टक्के विश्वासपातळीला ती ४.३ ने गुणावी लागते, म्हणजे ±०.२७, आणि मिलिग्रॅम प्रतिकिलोत ±०.०३. हा फक्त रेषेचा वाटा, वजन-आकारमानाचा वेगळा. प्रत्येक पातळी दोन-तीनदा मोजली की हा आकडा बराच खाली येतो. ‘०.१८६’ असे तीन दशांश अंक देणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं.

कारखानदाराला या सगळ्यातून काय हवं? युरोपीय संघाची मर्यादा, आतडी-कोठा काढलेल्या माकूलवर्गीयांसाठी, १.० मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे. ०.१४ असो वा ०.१९, माल पार. पण हीच २६ टक्क्यांची घट ०.८५ वाचणाऱ्या मालावर झाली तर खरं प्रमाण १.१५ च्या आसपास जाईल. माकुलाचं कॅडमियम मुख्यतः पचनग्रंथीत साठतं, त्यामुळे साफसफाईत तिचा तुकडा राहिला की आकडा अशा सीमेवर पोचायला वेळ लागत नाही. मर्यादेच्या जवळच्या नमुन्यासाठी एवढा खटाटोप करावा, रोजच्या प्रत्येक नमुन्यासाठी नव्हे. दोन्ही उतार जुळत असतील तर साधी रेषा पुरते, आणि पाच पट ऐवजी दहा पट विरल करून भागत असेल तर ते आधी करून बघावं.

गोषवाऱ्यासाठी वाक्य असं सुचवतो:

‘पाचित द्रावणाच्या चार सारख्या भागांत कॅडमियमची ज्ञात मात्रा (०, १, २, ३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर) घालून त्याच द्रावणात मापनरेषा काढली. नमुन्यातील व साध्या आम्लातील रेषांच्या उतारांचे गुणोत्तर ०.७४ आढळल्याने निष्कर्ष प्रमाणित भर पद्धतीने दिला आहे: कॅडमियम ०.१९ ± ०.०३ मिलिग्रॅम प्रतिकिलो, ओल्या वजनावर. ± हा आकडा केवळ मापनरेषेची ९५ टक्के पातळीवरील अनिश्चितता दर्शवतो. पाचनातील घट यात समाविष्ट नाही.’

‘ओल्या वजनावर’ हे दोन शब्द गाळू नका. सुक्या वजनावरचा आकडा कित्येक पट मोठा दिसतो, आणि फोन तुम्हालाच येतो.