टेन ऑफ वाँड्स : दहांपैकी कोणती काठी खाली ठेवायची?

प्रश्न : घरातले सगळे माझ्याच अंगावर आहे. सासूबाईंची औषधे, मुलांचा अभ्यास, बिले, सगळ्यांचे फोन. टॅरोच्या भविष्य पाहण्याच्या कार्डांत मला पुन्हा पुन्हा टेन ऑफ वाँड्स, म्हणजे दहा काठ्यांचे कार्ड, येते. यातले मी नेमके काय सोडू शकते? काहीच सोडता येण्यासारखे दिसत नाही.

उत्तर : काही काळापूर्वी जवळजवळ हीच तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगतो. त्यांच्यासमोरही पहिलेच कार्ड हे निघाले आणि ते पाहताच त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्या नशिबात हेच आहे ना?”

मी त्यांना कार्ड हातात घेऊन नीट पाहायला सांगितले. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या रायडर-वेट या टॅरो संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या या चित्रातला माणूस दहा काठ्या कवटाळून पुढे वाकून चालला आहे, समोर नांगरलेले शेत आणि पलीकडे घर आहे. काठ्यांना पालवी फुटलेली आहे, म्हणजे हे ओझे निरुपयोगी लाकडाचे नाही. पण त्याने त्या खांद्यावर घेतलेल्या नाहीत, तोंडासमोर धरल्या आहेत, त्यामुळे चेहरा त्यांच्यात दडला आहे आणि ज्या घराकडे तो निघाला आहे ते त्याला दिसत असेल असे वाटत नाही. बाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “याला कुणी सांगितलं, सगळ्या एकदम उचल म्हणून?” सत्राचे काम खरे तर तेथून सुरू झाले.

या कार्डाचा एक अर्थ फार सहज सांगितला जातो : घर जवळ आले आहे, थोडे आणखी सोसा. घरगुती ओझ्याच्या प्रश्नाला हा अर्थ लावणे मला धोक्याचे वाटते. चित्रातले घर नेहमीच तेवढ्याच अंतरावर राहणार आणि परीक्षा संपल्या की, आजारपण सरले की, असे म्हणत माणूस वर्षानुवर्षे चालत राहतो. संचासोबतच्या पुस्तकात आर्थर एडवर्ड वेट यांनी या कार्डाचा मुख्य अर्थ ‘दडपण’ असा दिला आहे आणि पुढे असेही सुचवले आहे की हा माणूस ज्या ठिकाणी पोहोचणार आहे, त्या ठिकाणालाच त्याच्याजवळच्या काठ्यांचा त्रास होऊ शकतो. हे वाक्य सहसा कोणी सांगत नाही, पण घरासाठी राबणाऱ्या माणसाला विचारण्याजोगा प्रश्न त्यातच आहे : तुम्ही उचललेल्या या ओझ्याचा घराला खरोखर उपयोग होतो आहे का, की त्यामुळे घरातल्या इतरांना काही उचलताच येत नाही?

मी आणखी कार्डे काढली नाहीत. त्याऐवजी दहा कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि प्रत्येकीवर एकच काम लिहायला सांगितले. ‘घर सांभाळणे’ असे मोघम लिहू द्यायचे नाही, कारण मोघम ओझ्यातून काहीही वेगळे काढता येत नाही. त्यांनी सासूबाईंच्या गोळ्या, दोन्ही वेळचा स्वयंपाक, थोरल्याचा अभ्यास, धाकटीची सकाळची तयारी, बिले, दुरुस्तीवाल्यांशी बोलणे, दोन्हीकडच्या नातेवाइकांचे फोन, सर्वांच्या कपड्यांची इस्त्री आणि भावाचे ऑनलाइन अर्ज भरणे असे नऊ चिठ्ठ्यांवर भराभर लिहिले. दहावी बराच वेळ कोरी राहिली. शेवटी त्यांनी तिच्यावर लिहिले, “कोणी चिडणार नाही ना, हे बघणे.”

मग प्रत्येक चिठ्ठीला दोनच प्रश्न. हे काम तुम्हाला कोणी आणि कधी दिले? आणि दोन आठवडे तुम्ही ते केले नाही, तर नेमके काय होईल? गोळ्यांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट होते : प्रकृतीला धोका. ती काठी खाली ठेवायची नव्हती. इस्त्रीच्या बाबतीत मात्र त्या अडखळल्या. चार वर्षांपूर्वी नवरा महिनाभर आजारी होता तेव्हा त्यांनी त्याचे कपडे घेतले, तो बरा झाला, पण काम परत गेलेच नाही आणि ते परत घ्या असे कोणी कोणाला म्हटलेही नाही. अशा काठ्या बहुतेक घरांत दोन-तीन तरी सापडतात.

शेवटी तीन चिठ्ठ्या बाजूला निघाल्या : इस्त्री, भावाचे अर्ज आणि नवऱ्याकडच्या नातेवाइकांचे फोन. गोळ्यांचे काम सोडले नाही, पण धरण्याची पद्धत बदलली. सात खणांचा डबा आणून रविवारी रात्री नवऱ्याने तो भरायचा आणि यांनी एकदाच तपासायचा असे ठरले. मी मुद्दाम तीनच काठ्यांवर थांबलो, कारण एकाच आठवड्यात पाच-सहा कामे सोडणारा माणूस पहिली अडचण येताच सगळीच पुन्हा उचलतो.

तरीही गडबड झालीच. दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा इस्त्री पुन्हा त्यांच्याकडे होती. नवरा चुरगळलेला शर्ट घालून कामाला निघाला, त्या दारात उभ्या राहून पाहत राहिल्या आणि त्या रात्री सगळे झोपल्यावर उठून त्यांनी उरलेले पाच शर्ट इस्त्री केले. नवरा काही बोललाच नव्हता. तो चिडेल या कल्पनेनेच त्यांना झोप लागली नव्हती. म्हणजे इस्त्रीची काठी खाली गेली होती, पण दहावी काठी अजून हातात होती आणि तिनेच पहिली पुन्हा वर ओढून घेतली.

त्या दिवशी मी एक कार्ड काढायला सांगितले आणि सिक्स ऑफ पेंटॅकल्स आले : हातात तराजू घेऊन दोन गरजूंना नाणी देणारा व्यापारी. “हा मीच,” त्या लगेच म्हणाल्या. मी विचारले, गुडघे टेकून हात पुढे केलेल्यांपैकी तुम्ही कधी होता का? त्यांना आठवेना. मग आम्ही नवऱ्याला म्हणायचे वाक्य तेथेच तयार केले : “सोमवारपासून तुझी इस्त्री तू करशील, मला ते आता जमत नाही.” यात माफी नाही आणि कारणांची यादीही नाही. पहिल्या मसुद्यात कारणे पाच होती आणि प्रत्येक कारणाला घरी उत्तर मिळाले असते.

तुमच्याकडे हे कार्ड पुन्हा पुन्हा येते म्हणता, तर काही दिवस ते काढणे थांबवा. तेच कार्ड चौथ्यांदा आल्याने नवीन काही कळत नाही. चिठ्ठ्या लिहा, सासूबाईंच्या औषधांसारख्या काठ्या वेगळ्या काढा आणि उरलेल्यांना ते दोन प्रश्न विचारा. काम सुटले की नाही, याची खूण एकच : दुसऱ्याने ते वाईट केले तरी तुम्ही पुन्हा हात घालत नाही. मात्र काम सोडल्यास घरात मारहाण किंवा धमकीची भीती असेल, तर हा प्रयोग करू नका. आधी विश्वासातल्या माणसाची आणि कायदेशीर मदत घ्या. झोप उडाली असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा, ते काम कार्डांचे नाही.

त्या बाईंच्या घरी इस्त्री आता नवरा करतो, कॉलर नेहमी वाकडी असते. दहावी चिठ्ठी त्यांनी माझ्याकडेच ठेवली आहे आणि मधूनच फोन करून ती अजून आहे ना, असे विचारतात.