दोनदा पैसे कापल्याच्या तक्रारीला उत्तर: आधी नोंदी, मग शब्द

प्रश्न: ऑनलाइन साड्या विकतो. ग्राहक म्हणते एकाच ऑर्डरचे 3,450 दोनदा गेले. मी लिहिलं, ‘आमच्याकडे एकदाच पैसे आलेत, नीट तपासा, उगाच आरोप करू नका.’ बायको म्हणते हे भांडण आहे, उत्तर नाही. शांतपणे, मुद्देसूद कसं लिहू?

उत्तर:

बायकोचं बरोबर आहे. पण नुसती भाषा मऊ करून भागणार नाही. ‘एकदाच आलेत’ हे तुम्ही कशावरून म्हणता?

बहुतेक दुकानदार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये 3,450 शोधतात. पेमेंट गेटवे वापरत असाल तर तो आकडा तिथे सहसा सापडतच नाही. गेटवे अनेक ऑर्डरींची रक्कम एकत्र करतो, आपलं शुल्क वजा करतो आणि एकच मोठी रक्कम जमा करतो. त्यामुळे ‘दिसत नाही’ म्हणजे ‘आले नाहीत’ असं होत नाही. गेटवेच्या डॅशबोर्डवर ऑर्डर क्रमांक टाका आणि त्या ऑर्डरवरचे सगळे प्रयत्न उघडा, फसलेलेसुद्धा. ग्राहकाकडून त्यांच्या यूपीआय अॅपमधल्या दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट मागवा. त्यावर 12 आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतःचा क्रमांक, असतो. तोच पुरावा; ‘पैसे कापले’ असा एसएमएस नव्हे.

आता तीनपैकी एक निघेल. दोन्ही प्रयत्न यशस्वी असतील तर जास्तीचे पैसे तुमच्याकडे आहेत. आधी रिफंड टाका, मग त्याचा क्रमांक देऊन लिहा. दोन वेगळे ऑर्डर क्रमांक असतील तर बहुधा दोन साड्या मागवल्या गेल्यात. दुसरी हवी आहे का, एवढंच विचारा. तिसरा प्रकार नेहमीचा: पहिल्या प्रयत्नात ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण तुमच्याकडे व्यवहार यशस्वी झाला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा भरले. म्हणजे ग्राहकही खरं बोलतेय आणि तुम्हीही. अशा वेळी ‘आरोप’ हा शब्द किती चुकीचा, ते बघा.

दुकानदाराला पैसे भरताना खात्यातून वजा झाले पण दुकानाकडे पुष्टी पोचली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणून तारीख लिहायची. ‘काही दिवसांत येतील’ लिहिलंत की ग्राहक रोज फोन करणार.

तिसरा प्रकार धरून तुमचं उत्तर असं होईल (क्रमांक नमुन्याचे):

‘नमस्कार. ऑर्डर क्र. 2217 साठी 12 मार्च 2025 रोजी दोन प्रयत्न नोंदले गेले आहेत. रात्री 8.14 चा, 3,450 रुपयांचा, यूटीआर 507120448163: आमच्याकडे अयशस्वी, ही रक्कम आम्हाला मिळालेली नाही. रात्री 8.17 चा, 3,450 रुपयांचा, यूटीआर 507120451927: यशस्वी; साडी याच रकमेवर पाठवली. पहिली रक्कम 17 मार्चपर्यंत तुमच्या खात्यात परत यायला हवी. न आल्यास यूपीआय अॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा. अयशस्वी नोंदीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. तो बँकेला दाखवता येईल.’

यात ‘तुम्ही म्हणता तसं’ नाही, ‘नीट तपासा’ नाही, आणि ‘आमच्या नोंदीनुसार सर्व बरोबर आहे’ तर नाहीच. हे शेवटचं वाक्य मला मनापासून खटकतं. हिशेबवाले ते ढालीसारखं वापरतात आणि नोंद मात्र दाखवत नाहीत. सुरुवातीला ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर’ हवंच, असा एक जुना आग्रहही असतो. माझं मत: चूक तुमची असेल तर काय चुकलं ते सांगून एका वाक्यात माफी मागा. नसेल तर उगाच मागू नका; ‘मग चूक कबूल केलीच की’ हे उत्तर ठरलेलं.

हे सगळं यूपीआयपुरतं. कार्ड असेल तर व्यवहार ओळखायला कार्डाचे शेवटचे 4 आकडे पुरतात. पूर्ण क्रमांक किंवा ओटीपी कधीच मागू नका. रिफंड दिला असेल तर गेटवेकडून एआरएन, म्हणजे त्या रिफंडचा माग काढायचा क्रमांक, घेऊन कळवा. त्यावरून बँकेला तो शोधता येतो.

आणि ग्राहकाने बँकेत आधीच चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा दावा, टाकला असेल तर थांबा. तिथे गेटवेने दिलेल्या मुदतीत कागदपत्रं त्यांच्याकडेच द्यावी लागतात. ग्राहकाला लिहिलेलं पत्र मोजलं जात नाही. त्याच वेळी घाईने वेगळा रिफंड टाकलात, तर दोनदा पैसे जाण्याची पाळी तुमची.